न्यायाधीशाला काढता येत नाही, पण फाईल थांबवता येते

गेल्या महिन्यात मिरजेत आमच्या संविधान वाचन गटाची बैठक होती. त्या दिवशी न्यायाधीशांच्या नेमणुकीची कलमं वाचायची ठरली होती, १२४ आणि २१७. वाचन संपलं, चहा आला, आणि लॉच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हायकोर्टाच्या जजला सरकार काढू शकत नाही, त्याचा पगार कमी करू शकत नाही. बासष्टाव्या वर्षापर्यंत खुर्ची पक्की. मग त्यांच्यावर दबाव येतो म्हणजे नेमकं काय होतं?"

मी काहीतरी गोलमोल उत्तर दिलं. परतीच्या एसटीत बसल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. प्रश्न नेमका होता, आणि आपण सगळे या विषयावर बोलतो तेव्हा त्याच प्रश्नाला वळसा घालून जातो. न्यायव्यवस्था विकली गेली, जज घाबरले, कोर्टावर आता भरवसा नाही, असं सहज बोललं जातं. दबाव कुठल्या दरवाजातून आत येतो, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या मुलीचं उत्तर माझ्यावर उधार आहे. ते इथे देतो.

आधी तिची बाजू मान्य करू. काढून टाकणं खरोखरच जवळपास अशक्य आहे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांनी सह्या करून प्रस्ताव द्यायचा. तो स्वीकारला गेला तर तीन जणांची समिती चौकशी करते. त्यात सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीश, एका हायकोर्टाचा मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ असतो. समितीने दोषी ठरवलं तरच सभागृहात मतदान होतं, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत तसंच हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात.

हा प्रयोग शेवटच्या टप्प्यापर्यंत पहिल्यांदा गेला तो न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात. पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती असताना त्यांनी सरकारी निवासस्थानाच्या सजावटीवर केलेला खर्च हा त्यातला मुख्य आरोप होता. चौकशी समितीचे अध्यक्ष आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई हेही समितीवर होते. समितीने बरेचसे आरोप सिद्ध झाल्याचं सांगितलं. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत मतदान झालं. काढावं म्हणून १९६ मतं पडली, काढू नये म्हणून एकही नाही. पण २०५ सदस्य मत न देता बसून राहिले, आणि प्रस्ताव पडला. विरोधात शून्य मतं आणि तरीही न्यायाधीश वाचले! पुढे २०११ मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने प्रस्ताव मंजूर केला, पण लोकसभेत मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. रामस्वामींसारखा माणूस सुटतो तेव्हा चीड येते. पण चांगल्या न्यायाधीशाला नावडत्या निकालासाठी घरी पाठवता येऊ नये, यासाठीच ही भिंत इतकी उंच बांधलेली आहे.

आता भिंतीतल्या दरवाजांकडे येऊ. त्यासाठी एकाच न्यायाधीशाची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवू या. न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांची.

कुरेशी २००४ मध्ये गुजरात हायकोर्टात न्यायाधीश झाले. २०१० मध्ये सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणात त्यांनी गुजरातचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री अमित शहा यांना दोन दिवस सीबीआयच्या कोठडीत देण्याचा आदेश दिला. (पुढे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने शहांना आरोपमुक्त केलं, हेही लक्षात ठेवायला हवं. कोठडीचा आदेश म्हणजे दोषी ठरवणं नव्हे.) त्यानंतर गुजरातच्या राज्यपालांनी राज्य सरकारला डावलून लोकायुक्त नेमले, तो वाद त्यांच्यासमोर आला. कुरेशींनी नेमणूक कायम ठेवली. खंडपीठावरच्या दुसऱ्या न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं, तिसऱ्या न्यायाधीशांनी कुरेशींची बाजू घेतली, आणि शेवटी सुप्रीम कोर्टानेही नेमणूक टिकवली. हे दोन्ही आदेश राज्य सरकारला न आवडणारे होते. आदेश चुकीचा वाटला तर वर जाऊन दाद मागता येते. ती व्यवस्था तिथे होती आणि वापरलीही गेली.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती सुप्रीम कोर्टात गेले आणि कुरेशी तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश उरले. नेमकी त्याच सुमारास त्यांची बदली झाली, आपल्या मुंबई हायकोर्टात. इथे ते ज्येष्ठतेत पाचवे. कारण काय दिलं? न्यायदानाच्या अधिक चांगल्या प्रशासनासाठी. हे वाक्य बदल्यांच्या ठरावांत इतक्या वेळा येतं की त्यातून काहीच कळत नाही. गुजरातच्या वकील संघटनेने विरोध केला, पण बदली झाली.

बदली हा पहिला दरवाजा. तो काही आजचा नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांना आंध्रात पाठवलं. ते गेले, पण सरकारवर खटला भरून गेले! सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितलं की बदलीसाठी न्यायाधीशाची संमती लागत नाही, मात्र बदली सार्वजनिक हितासाठीच हवी आणि सरन्यायाधीशांशी खरीखुरी सल्लामसलत व्हायला हवी, नुसती कागदावरची नाही. पगार तोच, पद तेच, तरी माणूस आपल्या गावापासून, भाषेपासून, मुलांच्या शाळेपासून उचलला जातो. शिवाय ज्येष्ठतेची रांग बदलते. आपल्या हायकोर्टात जो पहिला, तो नव्या ठिकाणी पाचवा. रांगेतला हा आकडा पुढे मुख्य न्यायमूर्तिपद आणि सुप्रीम कोर्ट ठरवतो.

मग आली खरी गंमत. १० मे २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने, म्हणजे सरन्यायाधीश आणि त्यांच्याखालोखालच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाने, चार हायकोर्टांसाठी मुख्य न्यायमूर्तींची नावं सुचवली. कुरेशींचं नाव मध्य प्रदेशसाठी होतं. बाकीच्या तिघांची कागदपत्रं झटपट हलली, आणि जून संपायच्या आत तिघेही दिल्ली, तेलंगणा आणि हिमाचलमध्ये शपथ घेऊन मोकळे झाले. कुरेशींची फाईल हललीच नाही. सरकारने नकार दिला नाही, होकारही दिला नाही. मध्य प्रदेशात मात्र दुसऱ्या न्यायाधीशांना कार्यवाहक म्हणून नेमलं गेलं. गुजरातच्या वकिलांनी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. ऑगस्टच्या अखेरीस कायदा मंत्रालयाने कॉलेजियमला पत्रं पाठवली. त्यांत आक्षेप काय होते, ते जनतेला सांगितलं गेलं नाही. ५ सप्टेंबरला कॉलेजियमने आपलीच शिफारस बदलली आणि मध्य प्रदेशऐवजी त्रिपुरा केलं. १६ नोव्हेंबरला कुरेशींनी आगरताळ्यात शपथ घेतली. पहिल्या शिफारशीपासून १९० दिवस झाले होते. मध्य प्रदेश हायकोर्टात ५३ न्यायाधीशांची पदं मंजूर होती, त्रिपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

इथे एक गोष्ट नीट पाहा. हायकोर्टाच्या न्यायाधीशासाठी शिफारस हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना घेऊन करतात. ती राज्य सरकारकडे जाते, गुप्तचर खात्याचा अहवाल येतो, मग कायदा मंत्रालय, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, आणि परत सरकार. नियम असा की सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करावीच लागते. म्हणजे कागदावर शेवटचा शब्द न्यायाधीशांचा. पण नाव परत पाठवायचंच नाही, नुसतं ठेवून द्यायचं, यावर त्या नियमात काही उपाय नव्हता. हा दुसरा दरवाजा. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात मुदती घालून दिल्या: गुप्तचर अहवाल चार ते सहा आठवड्यांत, त्यानंतर सरकारने आठ ते बारा आठवड्यांत फाईल पुढे पाठवावी, आणि कॉलेजियमने एकमताने तेच नाव पुन्हा सुचवलं तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक. मुदत मोडली तर काय, हे मात्र त्यात नाही.

कुरेशींच्या बाबतीत तर कॉलेजियमला दुसऱ्यांदा तेच नाव पाठवायचा अधिकार होता. तो वापरला नाही. म्हणून सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. दरवाजा बाहेरून ढकलला गेला आणि आतून कडी काढली गेली.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर २०१९ नंतर जवळजवळ दोन वर्षं सुप्रीम कोर्टात एकही नवा न्यायाधीश आला नाही. कॉलेजियममधले न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन ज्येष्ठतेप्रमाणे अभय ओक आणि अकिल कुरेशी ही नावं आधी जावीत म्हणून अडून बसले होते, असं त्यावेळी वृत्तपत्रांनी छापलं. नरीमन १२ ऑगस्ट २०२१ रोजी निवृत्त झाले आणि पाच दिवसांत नऊ नावांची शिफारस झाली. त्यात मुंबई हायकोर्टातून घडलेले ओक होते, कुरेशी नव्हते. कुरेशी त्रिपुरातून राजस्थानला गेले आणि ६ मार्च २०२२ रोजी, ६२ वर्षं पूर्ण झाल्यावर, तिथूनच निवृत्त झाले. सुप्रीम कोर्टात ते असते तर आणखी तीन वर्षं मिळाली असती. माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं होतं की सरकारचा आक्षेप कुरेशींच्या न्यायालयीन मतांमुळे झालेल्या प्रतिकूल ग्रहावर आधारलेला होता. निरोपाच्या भाषणात कुरेशींनी त्याचा उल्लेख केला आणि आपण हे स्वतंत्र असल्याचं प्रशस्तिपत्र समजतो, अशा आशयाचं बोलले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात इथे एक वाक्य तयार असेल, ते मला ठाऊक आहे. "सर, ते मुसलमान होते म्हणून." मी हे वाक्य मिरजेतही ऐकलं. माझं म्हणणं असं की जे उपलब्ध आहे ते त्यांच्या आदेशांकडे बोट दाखवतं, नावाकडे नाही. संकलचंद शेठही गुजरातचेच होते, आणि त्यांचं नाव वेगळं होतं. नावाचा संबंध नव्हताच, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ती पत्रं आपल्यासमोर आली नाहीत. कारण लिहून दिलं नाही की प्रत्येक जण आपापलं कारण भरतो, आणि त्यातलं सगळ्यात कडवट कारण सगळ्यात लांब पोचतं.

तिसरा दरवाजा आपल्या घरातला आहे, आणि तो उघडला गेला तेव्हा मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. हायकोर्टात येणारा न्यायाधीश बहुतेक वेळा थेट कायम होत नाही. आधी 'अतिरिक्त' म्हणून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी येतो. कलम २२४ मध्ये ही सोय कामाचा तात्पुरता ताण कमी करण्यासाठी ठेवली होती. प्रत्यक्षात ती उमेदवारीची परीक्षा झाली. नागपूर खंडपीठावरच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला अशाच अतिरिक्त न्यायाधीश होत्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी एका लहान मुलीच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात निकाल दिला की त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नसेल तर पॉक्सो कायद्याखालचा तो गुन्हा होत नाही. देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. निकाल चुकीचाच होता. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला, म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा जो मार्ग आहे त्या मार्गाने ती दुरुस्त झाली.

पण तोवर आणखी एक गोष्ट होऊन गेली होती. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली होती. त्यांना अतिरिक्त म्हणूनच आणखी एक वर्ष मिळालं, आणि ते संपत आल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. १०० खासदारांच्या सह्या नाहीत, समिती नाही, दोन तृतीयांश मतं नाहीत. एका न्यायाधीशाची कारकीर्द तिच्या निकालांमुळे थांबली, आणि आपल्याला तो निकाल नावडता होता म्हणून आपल्याला त्यात काही खटकलं नाही. उद्या कुणा अतिरिक्त न्यायाधीशाने पोलिसांना नको असलेला जामीन दिला, किंवा बुलडोझर थांबवला, तर हेच हत्यार तसंच धारदार असणार आहे. त्या दिवशी वाजवलेल्या टाळ्यांचा मला आज संकोच वाटतो. पॉक्सोच्या निकालाबद्दलचं माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही.

मग निवडावं कुणी? बाबासाहेबांसमोर हा प्रश्न मे १९४९ मध्ये घटना समितीत आला होता. नेमणूक पूर्णपणे सरकारच्या हाती द्यायला त्यांचा विरोध होता. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी, ही सूचनाही त्यांनी नाकारली, कारण सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही भावना आणि पूर्वग्रह असतात. म्हणून घटनेत 'सल्लामसलत' हा मधला शब्द आला. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या शब्दाचा अर्थ लावताना पारडं न्यायाधीशांकडे झुकवलं आणि कॉलेजियम जन्माला आलं. संसदेने २०१४ मध्ये ते मोडून सहा जणांचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती अशी त्याची रचना होती. मान्यवरांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक किंवा महिला यांतून घ्यायचा होता. आपल्यातल्या काहींना ती तरतूद आवडली होती, आणि कॉलेजियमने निवडलेल्या न्यायपीठांकडे पाहिलं तर का आवडली तेही कळतं. पण त्याच कायद्यात कोणतेही दोन सदस्य एखादं नाव अडवू शकत होते. कायदामंत्री आणि एक मान्यवर एकत्र आले की संपलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने आयोग रद्द केला. एकटे न्यायमूर्ती चेलमेश्वर वेगळे पडले, आणि कॉलेजियमचा कारभार बंद दाराआड चालतो, बाहेर काही कळत नाही, ही त्यांची तक्रार आजही खोडून काढता येत नाही.

मला विचाराल तर पाच न्यायाधीश की सहा जणांचा आयोग, यावर मी हातघाईला येणार नाही. कुरेशींची फाईल आयोगासमोर असती तर दोन मतांनी उघड अडली असती; कॉलेजियमसमोर होती म्हणून गुपचूप अडली. फरक आहे, पण फार मोठा नाही. फरक पडला असता तो तारखेने आणि लेखी कारणाने. हे नुसतं माझं स्वप्न नाही, मुंबईतच त्याचं उदाहरण आहे. वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव मुंबई हायकोर्टासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने सुचवलं. सरकारने ते परत पाठवलं: न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांत मतं मांडली होती म्हणे. १८ जानेवारी २०२३ रोजी कॉलेजियमने नाव पुन्हा पाठवलं आणि या वेळी सरकारचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही ठरावात छापून टाकलं. नागरिकाने मत मांडणं ही अपात्रता नव्हे, असं ते उत्तर होतं. आक्षेप वाचून कुणालाही स्वतः ठरवता आलं की तो कितपत वजनदार आहे. तीन-चार आठवड्यांच्या मुदतीऐवजी दहा महिने गेले, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सुंदरेसन यांनी मुंबईत शपथ घेतली.

कारण छापण्याचा तोटाही आहे. उमेदवाराबद्दलचा एखादा खोटा अहवाल चव्हाट्यावर येतो आणि त्याचं नाव कायमचं डागाळतं. चांगले वकील मग नाव द्यायलाच तयार होत नाहीत. त्यामुळे गुप्तचर अहवालातला प्रत्येक शब्द छापा, असं मी म्हणणार नाही. सरकारचा मुख्य आक्षेप दोन ओळींत, आणि उमेदवाराला त्यावर उत्तर देण्याची संधी मिळाल्यानंतर, एवढं पुरेसं आहे.

कॉलेजियमचे ठराव ऑक्टोबर २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर येऊ लागले. त्यांवर तारीख असते. सरकारच्या नेमणुकीच्या अधिसूचनेवरही तारीख असते. मिरजेच्या त्या मुलीला मी फोन करून एवढंच काम सांगितलं. पुढच्या बैठकीला ती मुंबई हायकोर्टासाठीच्या एका ठरावातली सगळी नावं घेऊन येणार आहे, प्रत्येक नावासमोर दोन तारखा लिहून. जिथे दुसरी तारीख सापडणार नाही, तिथे ती जागा कोरी ठेव, असं सांगितलंय.